तिखट मेलला शांत उत्तर : माफी कशाची मागायची आणि कशाची नाही

मी शिरगावहून बोलतेय. बचत गटांची समन्वयक म्हणून गावोगावच्या गटांत माझं जाणं-येणं असतं. आज बोलायचंय ते एका मेलबद्दल, आणि त्याला दिलेल्या उत्तराबद्दल.

तुम्ही म्हणाल, आमच्या गटाला कोण मेल करतंय? पण तुमच्याच मालाचं पाकीट हातात घेऊन बघा. त्यावर गटाचं नाव, पत्ता, फोन आणि मेल आयडी छापलेला असतो. पाकीटबंद मालावर तक्रारीसाठी संपर्क द्यावा लागतो, असा वजनमाप कायद्याचा २०११ चा नियम आहे. आपण तो छापतो आणि विसरून जातो. मग कधीतरी एखाद्या ग्राहकाला राग येतो, तो पाकीट उलटं करतो आणि त्या मेलवर मनातलं सगळं लिहून पाठवतो.

इकडे आपल्या बाजारात भांडण झालं तर त्याची रीत वेगळी असते. सातपाटीची मावशी टोपलीशी बसलेली असते. गिऱ्हाईक म्हणतं, बोंबील शिळे आहेत. मावशी म्हणते, शिळे तुझ्या घरी! दोघी हसतात, मावशी वर एक बोंबील टाकते आणि भांडण तिथंच संपतं. मेलमध्ये चेहरा दिसत नाही, आवाज ऐकू येत नाही आणि वर टाकायला बोंबीलही नसतो. शिवाय लिहिलेलं तसंच राहतं. ते पुढे दहा जणांना पाठवता येतं, तक्रारीला जोडता येतं. म्हणून मेलचं उत्तर तोंडी उत्तरासारखं देऊन चालत नाही.

आता प्रसंग सांगते. आमच्या भागातला एक गट सुका चिकू करतो. चिकू डहाणू-घोलवडकडचा. या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, त्यामुळे शहरातली माणसं नाव बघून घेतात. बायका फोडी करून सोलर ड्रायरमध्ये सुकवतात आणि अडीचशे ग्रॅमची पाकिटं भरतात. प्रदर्शनात एका ग्राहक बाईंनी चव घेतली होती. त्यांनी नंतर फोनवर चार पाकिटं मागवली, आठशे रुपये पाठवले, आणि गटाने ९ एप्रिलला स्पीड पोस्टाने पार्सल केलं. पुढच्या रविवारी रात्री उशिरा मेल आला.

मेल इंग्रजी अक्षरांत मराठी, असा होता. थोडक्यात मजकूर सांगते. ‘तुम्ही चोर आहात. चार पाकिटांचे पैसे घेतले आणि तीन पाठवली. माल गेल्या वर्षीचा आहे, काळा पडलाय. पाकिटावर साखर न घालता असं लिहिता आणि चिकट पाकात बुडवलेला चिकू विकता. वर पांढरी बुरशी आलीय. गरीब बायका म्हणून लोकांच्या दयेवर धंदा करता. पैसे दुप्पट परत करा, नाहीतर एफडीएकडे तक्रार करीन आणि फेसबुकवर टाकीन.’

सोमवारी सकाळी गटातल्या बायका जमल्या तेव्हा मी तिथं होते. सचिव ताईंनी रात्रीच एक उत्तर लिहून ठेवलं होतं. त्यात होतं, ‘आम्ही कष्ट करून खातो, चोर कोणाला म्हणता? तुमच्यासारख्या गिऱ्हाइकाची आम्हाला गरज नाही.’ अध्यक्ष ताईंना ते पटलं नाही. त्यांनी दुसरं लिहिलं, ‘मॅडम, आमच्याकडून चूक झाली. माल खराब गेला, माफ करा. तुमचे सगळे पैसे परत करतो, पण कृपया तक्रार करू नका.’

पहिलं पाठवू नये, हे सगळ्यांना लगेच पटलं. दुसरं मात्र बहुतेकींना चांगलं वाटलं. नम्र आहे, भांडण मिटेल, आठशे रुपये जातील पण डोक्याचा ताप जाईल. मी म्हटलं, थांबा, हे परत वाचा. या चार ओळींत आपण काय काय लिहून दिलंय? माल खराब होता, असं लिहून दिलंय. त्यांनी साखरेचा आरोप केलाय, बुरशीचा केलाय, जुन्या मालाचा केलाय, आणि आपण ‘चूक झाली’ म्हणतोय. कुठली चूक ते सांगितलेलं नाही, म्हणजे वाचणारा सगळ्याच धरणार. शेवटी ‘तक्रार करू नका’ अशी विनवणीही आहे, म्हणजे लपवायचं काहीतरी आहे असं दिसतं. उद्या हा मेल कोणी फेसबुकवर टाकला, तर गट साखर घालून ‘बिनसाखरेचा’ म्हणून विकतो, असं गटाच्याच शब्दांत छापून येईल.

शांत करणं आणि कबूल करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घाईत आपल्याकडून त्या एकत्र होतात.

मग उत्तर लिहायच्या आधी आम्ही दोन ओळींची पोच पाठवली : ‘नमस्कार मॅडम, आपला मेल मिळाला. आमच्या नोंदी तपासून बुधवारपर्यंत सविस्तर कळवतो.’ त्यात माफी नाही आणि नकारही नाही. ऑनलाइन विक्री करणाऱ्यांसाठी २०२० चे जे नियम आहेत, त्यात तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी असं आहे. आपला गट छोटा असला तरी ही मुदत धरून चालावं. रागावलेल्या माणसाला सगळ्यात जास्त राग येतो तो काहीच उत्तर न आल्याचा. पोच गेली की तो राग थोडा खाली बसतो आणि आपल्याला शोधायला वेळ मिळतो.

त्यानंतर मी वहीचं एक पान घेतलं. मेलमधलं एकेक वाक्य वाचायचं आणि विचारायचं, हा आरोप आहे की शिवी? ‘चोर’, ‘दयेवर धंदा’ ही शिवी. तिला उत्तर नाही, ती पानावर उतरवायचीच नाही. उरले चार आरोप : एक पाकीट कमी, माल जुना, साखर घातली, बुरशी आली. प्रत्येकासमोर लिहायचं, आपल्याकडे पुरावा काय.

पहिला आरोप, एक पाकीट कमी. बायका म्हणाल्या, आम्ही चारच भरली होती, नक्की. मी म्हटलं, पोस्टाची पावती आणा. स्पीड पोस्टच्या पावतीवर पार्सलचं वजन छापलेलं असतं. पावतीवर वजन होतं ८९५ ग्रॅम. आता हिशेब करा. अडीचशेची चार पाकिटं म्हणजे नुसता चिकूच एक किलो, वर खोका आणि पिशव्या. ८९५ ग्रॅममध्ये चार पाकिटं बसूच शकत नाहीत. तीन पाकिटांचे साडेसातशे, वर खोका धरला की बरोबर जुळतं. बाईंचं म्हणणं खरं होतं. गट गप्प झाला. पण नीट बघा, पावती बघितली नसती तर आपण ‘चारच पाठवली होती’ असं लिहिलं असतं. मग तीच खोटी ठरणारी ओळ बाकीच्या खऱ्या उत्तरांनाही घेऊन बुडाली असती.

दुसरा आरोप, माल गेल्या वर्षीचा. गट प्रत्येक घाणीला, म्हणजे एका वेळी सुकवलेल्या मालाला, बॅच नंबर देतो. तो पाकिटावरही असतो आणि वहीतही. या पार्सलमधली पाकिटं मार्चच्या दुसऱ्या बॅचची होती, १४ मार्चला भरलेली. वहीत चिकू घेतल्याची तारीख, सुकवायला घातल्याची तारीख, भरल्याची तारीख आणि भरणाऱ्यांच्या सह्या होत्या. म्हणजे हा आरोप खरा नाही, आणि ते दाखवता येतं. काळपट रंगाचं कारणही साधं आहे. चिरलेलं वांगं किंवा सफरचंद हवेवर तपकिरी होतं, तसाच चिकूही सुकताना गडद होतो.

तिसरा, साखर. गट साखर घालत नाही, पाकात बुडवत नाही. हे गटातली प्रत्येक बाई जाणते, आणि कच्च्या मालाच्या खरेदीच्या वहीत साखर कुठेच नाही. चिकटपणा मग कुठून आला? चिकूची स्वतःची साखर भरपूर असते. पाकीट उघडं राहिलं की ती हवेतला ओलावा ओढते आणि फोडी चिकट होतात. आपल्या किनाऱ्यावरच्या दमट हवेत हे फार लवकर होतं.

चौथा, पांढरी बुरशी. इथं बायका म्हणाल्या, बुरशी असणं शक्यच नाही, आम्ही नीट सुकवलं होतं. मी विचारलं, त्यांच्या घरातलं पाकीट तुम्ही बघितलंय का? नाही. मग ‘शक्यच नाही’ हे आपल्याला माहीत नाही. सुक्या अंजिरावर, मनुकांवर कधी कधी फळाची साखर बाहेर येऊन पांढरे कण धरतात, तसा हा थर असू शकतो. पण पाकिटात ओल गेली असेल, तर खरी बुरशीही असू शकते. फरक दिसतो. साखरेचे कण चकाकतात, कोरडे असतात आणि कोमट पाण्याच्या थेंबात विरघळतात. बुरशी लोकरीसारखी किंवा जाळीसारखी असते, कधी हिरवट-काळी, तिला कुबट वास येतो आणि ती पाण्यात विरघळत नाही. चाखून बघायचं मात्र कधीही नाही. हे सगळं आपल्याला फोटो किंवा पाकीट हातात आल्यावर कळणार. तोपर्यंत या आरोपासमोर ‘माहीत नाही’ एवढंच लिहायचं.

म्हणजे चार आरोपांतला एक खरा, दोन खोटे आणि एक अजून न कळलेला. आता उत्तर लिहिणं सोपं झालं, कारण प्रत्येकाला वेगळं उत्तर आहे. गटाने बुधवारी पाठवलेलं उत्तर मी वाचून दाखवते.

‘विषय : आपली ९ एप्रिलची ऑर्डर, सुका चिकू, ४ पाकिटं.

नमस्कार मॅडम. आपल्या मेलमधली प्रत्येक तक्रार आम्ही आमच्या नोंदींशी ताडून पाहिली.

एक पाकीट कमी आलं, हे आपलं म्हणणं बरोबर आहे. पोस्टाच्या पावतीवर पार्सलचं वजन ८९५ ग्रॅम आहे, म्हणजे तीनच पाकिटं गेली. ही आमची चूक आहे. तिच्याबद्दल आम्ही आपली माफी मागतो. चौथं पाकीट आमच्या खर्चाने पाठवू, किंवा त्याचे २०० रुपये परत करू. आपल्याला काय हवं ते कळवावं.

पांढऱ्या थराबद्दल पाकीट पाहिल्याशिवाय आम्हाला काही सांगता येणार नाही. तोवर त्या पाकिटातला चिकू कृपया कोणी खाऊ नये. उजेडात जवळून काढलेला फोटो आणि पाकिटावरचा बॅच नंबर पाठवावा. फोटो मिळाल्यापासून दोन दिवसांत कळवू. थर बुरशीचा निघाला तर तिन्ही पाकिटांचे पैसे परत करू.

आपल्याला पाठवलेला माल १४ मार्चला भरलेला आहे. वहीतल्या त्या पानाचा फोटो सोबत आहे. चिकू सुकताना त्याचा रंग गडद होतो.

आम्ही चिकूत साखर घालत नाही. पाकीट उघडल्यावर फळातली साखर हवेतला ओलावा घेते, त्यामुळे फोडी चिकट होतात.

दुप्पट रक्कम आम्हाला देता येणार नाही. अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करण्याचा आपल्याला हक्क आहे. आमचा नोंदणी क्रमांक पाकिटावर छापलेला आहे आणि आमच्या वह्या कोणीही पाहू शकतं.’

खाली गटाचं नाव, सचिव ताईंचं नाव आणि फोन.

या उत्तरातल्या चार-पाच गोष्टी नीट बघू.

आधी क्रम. सगळ्यात वर, जे त्यांचं खरं आहे ते आणि त्याचा उपाय. रागावलेला माणूस पहिल्या दोन ओळी वाचतो आणि ठरवतो, हे आपलं ऐकतायत की भांडतायत. ‘आपलं म्हणणं बरोबर आहे’ हे शब्द तिथं आले की पुढचं वाचायची तयारी होते. त्यानंतर तब्येतीशी जोडलेली गोष्ट, म्हणजे बुरशी. नकार त्याच्यानंतर. हेच उत्तर ‘आम्ही साखर घालत नाही’ या वाक्याने सुरू झालं असतं, तर वाक्य खरं असूनही भांडण वाढलं असतं.

दुसरं, माफी एकाच ठिकाणी आहे, आणि ती कशाची आहे ते तिच्या शेजारच्या वाक्यात आहे. सगळ्या मेलभर पसरलेली माफी नाही. अध्यक्ष ताईंना वाटत होतं, शेवटी एकदा ‘झालेल्या सगळ्या त्रासाबद्दल क्षमस्व’ लिहावं. मी म्हटलं, ‘सगळ्या’ या शब्दात साखरही आली. तिथं लिहायचंच असेल तर ‘आपल्याला वाट पाहावी लागली’ असं नेमकं लिहावं. कोणाला त्रास झाला हे मान्य करता येतं, तो आपल्या भेसळीमुळे झाला हे मान्य न करता.

तिसरं, नकार देणारी वाक्यं कशी आहेत ते बघा. ‘आपला गैरसमज झाला आहे’ असं कुठेही नाही. मराठीत हे वाक्य ऐकायला सभ्य वाटतं, पण ते समोरच्याकडे बोट दाखवतं : तुम्हाला कळत नाही. ‘आपण खोटं बोलताय’ तर नाहीच नाही. वाक्याचा कर्ता आपण ठेवला. आम्ही साखर घालत नाही. माल १४ मार्चला भरलाय. यात त्यांच्याबद्दल एक शब्द नाही, आणि तरी आरोप पूर्ण नाकारलाय. त्याला कारण एकच ओळीचं दिलंय. सचिव ताईंनी साखरेवर अर्धं पान लिहिलं होतं, पिढ्यान्‌पिढ्यांची पद्धत, देवाची शपथ, सगळं. ते काढलं. नकार जितका लांबतो तितका तो सारवासारव वाटतो.

चौथं, ‘असेल’, ‘झालं असावं’, ‘बहुतेक’ हे शब्द शोधून काढले. पहिल्या मसुद्यात एका ताईंनी लिहिलं होतं, ‘साखर थोडी जास्त वाटली असेल.’ त्यांना म्हणायचं होतं, चिकू गोड लागला असेल. वाचणाऱ्याला कळतं, साखर जास्त पडली असेल. समोरच्याला बरं वाटावं म्हणून आपण असं अर्धवट होकारात बोलतो. बोलताना चालतं, लिहिताना ती कबुली होते. तसंच ‘पण’चं. ‘माफ करा, पण आपणही पाकीट नीट ठेवायला हवं होतं,’ यातला ‘पण’ आधीची माफी खाऊन टाकतो. म्हणून माफीचं वाक्य पूर्णविरामाने संपवायचं.

पाचवं, धमकी. एफडीएचं नाव वाचून बायका घाबरल्या होत्या. घाबरून विनवणी केली किंवा ‘करा काय करायचं ते’ असं म्हटलं, दोन्हींत धमकीचं वजन वाढतं. ग्राहकाला तक्रारीचा हक्क आहेच. तो आहे असं सरळ लिहिलं की त्या धमकीत काही उरत नाही. मात्र हे वाक्य लिहायच्या आधी आपली नोंदणी चालू आहे ना, वह्या भरलेल्या आहेत ना, हे बघा. नसतील तर ते वाक्य लिहू नका, आधी ते काम करा.

आता कोणी विचारेल, शिवीला उत्तर न देणं म्हणजे ती मान्य करणं नाही का? नाही. ‘चोर’ हे मत आहे, ते खोटं ठरवायला पुरावा लागत नाही आणि मिळतही नाही. आरोपाचं तसं नसतं. ‘साखर घातली’ ही तपासता येण्यासारखी गोष्ट आहे. तिला उत्तर दिलं नाही, तर वाचणाऱ्याला वाटतं की यांच्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून शिवी सोडायची, आरोप एकही सोडायचा नाही.

पुढे काय झालं ते सांगते. दोन दिवसांनी बाईंचा मेल आला. नमस्कार नव्हता, माफी नव्हती. फक्त दोन फोटो आणि एक ओळ : ‘पाकीट पाठवा.’ शिव्या मात्र नव्हत्या. फोटोत कण चकाकत होते, लोकर दिसत नव्हती. पण फोटोवरून शंभर टक्के सांगता येत नाही. गटाचं नशीब म्हणा किंवा शिस्त म्हणा, प्रत्येक बॅचची दोन पाकिटं नमुना म्हणून ठेवलेली असतात. त्याच बॅचचं एक फोडलं. तसेच कण निघाले. कोमट पाण्यात टाकले तर विरघळले.

मग दुसरं उत्तर गेलं : ‘आमच्याकडे ठेवलेल्या त्याच बॅचच्या पाकिटातही असे कण आहेत. ते पाण्यात विरघळतात, म्हणजे फळाची साखर आहे. आपल्या पाकिटातले कण विरघळत नसतील किंवा वास येत असेल तर ते पाकीट टाकून द्यावं आणि आम्हाला कळवावं, त्याचे पैसे परत करू. चौथं पाकीट आज पोस्टात टाकलं आहे.’ बघा, इथंही आपण त्यांच्या घरातल्या पाकिटाबद्दल छातीठोक काही म्हटलं नाही. आपल्या पाकिटाबद्दल म्हटलं, आणि त्यांना तपासायची रीत सांगितली. नंतर त्यांचं एकच वाक्य आलं, ‘मिळालं.’ त्या पुन्हा ऑर्डर देतील की नाही, मला माहीत नाही. आठशेच्या जागी एक पाकीट आणि पोस्टाचा खर्च गेला, आणि गटाने खोटं असं काहीही लिहून दिलं नाही.

बाईंनी पाकिटाऐवजी पैसे मागितले असते, तर आणखी एक काळजी घ्यावी लागली असती. फोनवरून पैसे परत करताना खाली शेरा लिहायची जागा असते. तिथं ‘एक पाकीट कमी गेले’ असं कारण लिहा. नुसते पैसे पाठवले किंवा ‘खराब माल’ असं लिहिलं, तर तीही लेखी कबुलीच झाली.

ही रीत कुठे पुरत नाही तेही सांगते. एकाच बॅचबद्दल दोन-तीन ग्राहकांची सारखीच तक्रार आली, तर उत्तरं लिहीत बसू नका. आधी त्या बॅचची विक्री थांबवा आणि नमुना पाकीट बघा. कोणाला खाऊन त्रास झाल्याचं कळलं, तर मेलवर विसंबू नका, लगेच फोन करा, डॉक्टरांकडे जायला सांगा, आणि फोनवर काय बोलणं झालं ते वहीत लिहा. अन्न सुरक्षा अधिकाऱ्याची नोटीस आली, तर ती ग्राहकाची तक्रार नव्हे. तिला मुदत असते. ती घेऊन ग्रामसंघात आणि तालुक्याच्या ‘उमेद’च्या कार्यालयात जा, घरी बसून उत्तर लिहू नका. आणि एखादं गिऱ्हाईक दोनदा नीट उत्तर देऊनही तेच आरोप, त्याच शिव्या लिहीत राहिलं, तर तिसऱ्यांदा एकच ओळ लिहा : ‘याबाबत आमचं उत्तर अमुक तारखेच्या मेलमध्ये दिलं आहे.’ त्यापुढे थांबा.

येत्या बैठकीत एक करून बघा. तुमच्या गटाच्या एखाद्या पार्सलची पावती काढा, त्यावरचं वजन बघा आणि वहीतल्या पाकिटांशी जुळतंय का ते मोजा. मग मेल आयडीचा पासवर्ड कोणाकडे आहे ते विचारा. बऱ्याच गटांत तो ज्या मुलाने आयडी काढून दिला त्याच्याकडेच राहिलेला असतो, आणि मेल आलेले कोणाला कळतच नाहीत.

तुमच्या गटाला असा एखादा मेल आला असेल, तर ग्राहकाचं नाव झाकून पुढच्या बैठकीला घेऊन या. सगळ्यांनी मिळून त्यातले आरोप आणि शिव्या वेगळ्या करू. नमस्कार.